पी व्हॅल्यू आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलचा चुकीचा अर्थ पकडणारे प्रश्न कसे लिहावेत

बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत "पी व्हॅल्यू म्हणजे काय?" असं विचारलं की बहुतेक मुलं व्याख्या न अडखळता म्हणून दाखवतात: नल हायपोथिसिस खरी असताना इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता. पूर्ण गुण. मग त्याच मुलाच्या प्रोजेक्टमध्ये लिहिलेलं असतं, "p = 0.03, म्हणून नल हायपोथिसिस खरी असण्याची शक्यता 3 टक्के." ही दोन वाक्यं एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदतात आणि आपली नेहमीची प्रश्नपत्रिका त्यांच्यात भांडण लावून देत नाही. ते भांडण लावण्यासाठी कन्सेप्ट इन्व्हेंटरी असते. तिच्यात पाठांतर आणि आकडेमोड कमी, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजाचा असतो. कोणता पर्याय निवडला यावरून कोणता गैरसमज आहे ते कळतं.

ही पद्धत भौतिकशास्त्रातून आली. बलाच्या संकल्पनांवरची फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी 1992 साली प्रसिद्ध झाली. पुढे संख्याशास्त्रातही तशा चाचण्या झाल्या. 40 प्रश्नांची सीएओएस त्यांतली जास्त माहितीची. तयार चाचणी वापरायला हरकत नाही, पण पी व्हॅल्यू आणि इंटरव्हलवरचे नेमके दोन-चार प्रश्न आपल्या वर्गासाठी आपण लिहिले तर ते जास्त कामाचे ठरतात. असे दोन प्रश्न कसे घडवायचे ते इथे पहिल्या कच्च्या रूपापासून दाखवतो. दोन्हींसाठी आकडे एकाच प्रसंगातले घेतले आहेत.

प्रसंग असा. सोलापुरातल्या एका कारखान्यात टेरी टॉवेल विणले जातात आणि टॉवेलचं सरासरी वजन 400 ग्रॅम असावं अशी अपेक्षा आहे. एका दिवसाच्या मालातून रँडम पद्धतीने 36 टॉवेल उचलून वजन केलं. सरासरी आली 395.5 ग्रॅम, प्रमाण विचलन 12 ग्रॅम. म्हणजे स्टँडर्ड एरर 12 भागिले 6, 2 ग्रॅम. टी येतो उणे 2.25, दोन्ही बाजूंची पी व्हॅल्यू साधारण 0.03, आणि सरासरीचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 391.4 ते 399.6 ग्रॅम.

पायरी पहिली: मुलांची वाक्यं गोळा करा

पर्याय लिहायला लगेच बसू नका. आधी वरचा प्रसंग वर्गाला द्या आणि कोऱ्या कागदावर एकच गोष्ट लिहायला सांगा: "कारखान्याच्या मालकाला 0.03 या आकड्याचा अर्थ समजावून सांगा." दुसऱ्या दिवशी हेच इंटरव्हलसाठी. पी व्हॅल्यू, नल, सिग्निफिकंट हे शब्द वापरायचे नाहीत अशी अट घाला. ही अट फार महत्त्वाची, कारण तिच्यामुळे पाठ केलेली व्याख्या वापरता येत नाही आणि मूल स्वतःच्या शब्दांवर येतं. आपल्याकडे एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड घरांतली मुलं असतात. ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यात लिहू द्या. भाषा सुधारण्याची ही जागा नाही.

कागद हाती आले की वाक्यांचे गठ्ठे करा. पी व्हॅल्यूचे गठ्ठे बहुधा असे पडतात: "सरासरी 400 असण्याची शक्यता 3 टक्के", "हा फरक योगायोगाने आलेला असण्याची शक्यता 3 टक्के", "पुन्हा तपासलं तर 97 टक्के वेळा हेच येईल", आणि "फरक फक्त 3 टक्के आहे". इंटरव्हलचे गठ्ठे: "95 टक्के टॉवेल या वजनात बसतात", "पुढच्या वेळी सरासरी यातच येण्याची शक्यता 95 टक्के", आणि "खरी सरासरी यात असण्याची शक्यता 95 टक्के".

हे गैरसमज फक्त मुलांचे नाहीत. हॉलर आणि क्राउस यांनी 2002 साली जर्मन विद्यापीठांमधल्या मानसशास्त्र विभागांत टी चाचणीच्या निकालावर सहा विधानं दिली होती, सहाही चुकीची. निदान एक विधान बरोबर मानणारे विद्यार्थी निघाले सगळेच्या सगळे, संशोधक सुमारे 90 टक्के, आणि संख्याशास्त्रीय पद्धती शिकवणारे 80 टक्के. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे प्रश्नांचं विश्लेषण करताना तो कामाला येणार आहे.

पायरी दुसरी: पी व्हॅल्यूचा प्रश्न

पहिला खर्डा सगळेच असा करतात.

प्रश्न: p = 0.03 याचा अर्थ काय?
(अ) सरासरी 400 असण्याची शक्यता 3 टक्के.
(ब) हा फरक निव्वळ योगायोगाने आलेला असण्याची शक्यता 3 टक्के.
(क) सरासरी 400 असेल तर इतका किंवा याहून मोठा फरक मिळण्याची शक्यता 3 टक्के.
(ड) फरक 3 टक्के आहे.

दिसायला ठीक आहे, पण मोजत काहीच नाही. क हे वहीतलं वाक्य आहे आणि चारांत सगळ्यात लांब आहे. न वाचताही निवडता येतं. दुसरा दोष लपलेला आहे. अ आणि ब हा एकच गैरसमज दोन कपड्यांत उभा आहे. "योगायोगाने आलेला" म्हणजे "खरी सरासरी 400च आहे, नमुना तेवढा वेगळा आला". हुशार मूल विचार करतं की दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही बरोबर असू शकत नाहीत, तर दोन्ही खोडा. गैरसमज शाबूत राहतो आणि गुण मिळतो. म्हणून एका प्रश्नात एक गैरसमज एकाच पर्यायात ठेवावा. मुलांच्या कागदांत दोन्ही वाक्यं सारख्याच संख्येने आली तरी त्यातलं एकच घ्या.

यावरचा उपाय म्हणजे अर्थ विचारूच नये. तो अर्थ खरा असता तर पुढे काय घडलं असतं, ते विचारावं. पी व्हॅल्यू ही नल खरी असण्याची शक्यता असती, तर पूर्वीचा इतिहास काहीही असो, त्याच चाचणीच्या त्याच निकालाचा अर्थ दोन ठिकाणी तोच निघाला असता. प्रश्न तिथे न्यायचा.

प्रश्न: दोन कारखाने रोज प्रत्येक लॉटमधून 36 टॉवेल तोलून वरचीच चाचणी करतात. पहिल्या कारखान्यात माग नीट लावलेले आहेत, बहुतेक लॉटची सरासरी खरोखर 400 असते. दुसऱ्यात माग जुने आहेत, जवळपास निम्म्या लॉटची सरासरी कमी असते. दोन्हीकडे p 0.05 पेक्षा कमी आली असे लॉट बाजूला काढले. त्या बाजूला काढलेल्या लॉटमध्ये खरोखर 400 सरासरी असलेल्या लॉटचं प्रमाण किती?
(अ) दोन्हीकडे 5 टक्क्यांच्या आत.
(ब) पहिल्या कारखान्यात जास्त.
(क) दुसऱ्या कारखान्यात जास्त.
(ड) दोन्हीकडे शून्य, कारण चाचणीने ते नाकारले आहेत.

उत्तर ब. उत्तरपत्रिकेत त्यामागचा हिशोब लिहून ठेवा, कारण सहकारी विचारणारच. समजा प्रत्येक कारखान्याचे 200 लॉट आहेत आणि वजन खरोखर कमी असेल तर ते पकडण्याची चाचणीची ताकद 80 टक्के आहे. पहिल्या कारखान्यात 180 लॉट बरोबर, 20 चुकीचे. बरोबर लॉटपैकी 5 टक्के, म्हणजे 9, विनाकारण पकडले जातील. चुकीच्यांपैकी 16 पकडले जातील. बाजूला काढलेले 25, त्यात निर्दोष 9, म्हणजे 36 टक्के. दुसऱ्या कारखान्यात 100 बरोबर, 100 चुकीचे: विनाकारण 5, खरे 80, एकूण 85 मध्ये निर्दोष 5, म्हणजे 6 टक्क्यांच्या आसपास. चाचणी तीच, मर्यादा तीच, प्रमाण सहापट वेगळं.

अ हा पर्याय नेमका "पी व्हॅल्यू म्हणजे नल खरी असण्याची शक्यता" असं मानणाऱ्याचा. ड हा "नाकारलं म्हणजे खोटं सिद्ध झालं" असं मानणाऱ्याचा. क मात्र दुबळा आहे, तो घाईत वाचणाऱ्यालाच पकडतो. तरी तो ठेवतो, कारण तो नसेल तर "जास्त" म्हणणारा एकच पर्याय उरतो आणि तोच उठून दिसतो.

प्रश्न "लॉटचं प्रमाण" असा विचारला आहे, "नल खरी असण्याची शक्यता" असा नाही, हेही मुद्दाम. एका लॉटची सरासरी जी आहे ती आहे, तिची शक्यता कसली, असा आक्षेप संख्याशास्त्राच्या शिक्षकाने घेतला तर तो रास्त आहे. लॉटची मोजणी केली की तो वाद उरत नाही.

पायरी तिसरी: इंटरव्हलचा प्रश्न, आणि उत्तर आधी मोजून पाहणं

इथे मुलांकडून आलेली तीन वाक्यं आहेत आणि तिन्हींत 95 हाच आकडा आहे. त्यांतलं कोणतं किती चुकीचं आहे, हे लिहिणाऱ्याला आकड्यात माहीत हवं. त्यासाठी R मध्ये आठ ओळी पुरतात.

```r
mu <- 395; s <- 12; n <- 36
r <- replicate(10000, {
  a <- t.test(rnorm(n, mu, s))$conf.int
  b <- rnorm(n, mu, s)
  c(a[1] < mu & mu < a[2],
    a[1] < mean(b) & mean(b) < a[2],
    mean(b > a[1] & b < a[2])) })
rowMeans(r)
```

तीन आकडे मिळतात. पहिला सुमारे 0.95: काढलेल्या इंटरव्हलपैकी किती इंटरव्हलमध्ये खरी सरासरी सापडली. दुसरा 0.84च्या जवळ: तेवढ्याच आकाराच्या पुढच्या नमुन्याची सरासरी आधीच्या इंटरव्हलमध्ये किती वेळा पडली. तिसरा फक्त 0.26च्या आसपास: सुटे टॉवेल किती टक्के त्या इंटरव्हलमध्ये बसले. "95 टक्के टॉवेल" म्हणणारा मुलगा जवळजवळ चौपट चुकतो. "पुढची सरासरी" म्हणणारी मुलगी थोडीच चुकते, कारण पुढचा नमुनाही स्वतः हलतो हे तिने धरलेलं नाही.

यावरून ठरतं की पहिला प्रश्न टॉवेलच्या गैरसमजावर लिहायचा. तो सगळ्यात ढोबळ आहे आणि त्याच्या उत्तराबद्दल कोणी वाद घालू शकत नाही.

प्रश्न: वरच्या प्रसंगात 36 ऐवजी 144 टॉवेल तोलले. सरासरी आणि प्रमाण विचलन आधीइतकंच आलं. नवा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला. कारखान्यातल्या एकूण टॉवेलपैकी किती टॉवेलचं वजन या इंटरव्हलमध्ये पडेल?
(अ) आधीसारखेच, 95 टक्के.
(ब) आधीपेक्षा जास्त, कारण नमुना मोठा आहे.
(क) आधीपेक्षा कमी.
(ड) 95 टक्केच, पण आता त्याची खात्री जास्त.

अ आणि ड बघा. वर एक गैरसमज एकाच पर्यायात ठेवा असं सांगितलं आणि इथे तोच नियम मोडला गेला आहे. खर्डे लिहिताना हे सतत होतं. दुसऱ्या दिवशी ताज्या नजरेने वाचलं की सापडतं. ड काढून तिथे "नमुन्याच्या आकाराचा या प्रमाणाशी संबंध नाही, कोणतंही येऊ शकेल" असं ठेवलं की सूत्रच न आठवणारं मूल वेगळं पडतं.

उत्तर क. स्टँडर्ड एरर 2 वरून 1 वर येतो, इंटरव्हल साधारण 393.5 ते 397.5 इतका अरुंद होतो, पण टॉवेलचं पसरणं तेवढंच राहतं. वजनं नॉर्मल वितरणाच्या जवळ असतील तर 26 टक्क्यांच्या जागी 13 टक्के टॉवेल आत राहतात. "इंटरव्हल म्हणजे 95 टक्के टॉवेल" असं मानणाऱ्याला हे उत्तर सुचूच शकत नाही, आणि पाठ केलेली व्याख्या इथे कामाला येत नाही.

"खरी सरासरी यात असण्याची शक्यता 95 टक्के" या वाक्याचं काय करायचं? माझं मत: चुकीचा पर्याय म्हणून ते वापरू नये. नेमनच्या 1937च्या मांडणीत 95 हा आकडा इंटरव्हल काढण्याच्या पद्धतीला लागतो, हातात आलेल्या एका इंटरव्हलला नाही, हे खरं. पण बेजच्या पद्धतीने, सरासरीबद्दल आधी काही ठाऊक नाही असं धरून, अशा साध्या मांडणीत तेच आकडे घेऊन तेच वाक्य म्हणता येतं. ज्या पर्यायावर स्टाफ रूममध्ये दोन गट पडतात, त्यावर मुलांचे गुण कापू नयेत. वर्गात चर्चेला ते वाक्य उत्तम आहे.

पायरी चौथी: पाच-सहा मुलांना मोठ्याने विचार करायला लावा

छापण्याआधी हे करा. वेळ थोडा जातो आणि सगळ्यात जास्त इथेच कळतं. एकेका मुलाला बसवून प्रश्न द्या आणि जे डोक्यात येईल ते बोलत जा म्हणावं. आपण मधे बोलायचं नाही, मान डोलवायची नाही.

दोन गोष्टी ऐकायच्या. बरोबर पर्याय चुकीच्या कारणाने निवडला जातो का? आणि चुकीचा पर्याय आपण ठरवलेल्या गैरसमजामुळेच निवडला जातो का? सोलापुरात टॉवेलचा प्रसंग घेतला की एक अडचण हमखास येते. ज्याच्या घरी माग आहे ते मूल म्हणतं, "सर, वजन कधी केलं? पावसाळ्यात कापूस ओल धरतो, वजन वाढतंच." त्याचं बरोबर आहे, सुती मालात ओलाव्याने काही टक्के फरक पडतो. पण मग ते संख्याशास्त्र बाजूला ठेवून धंद्याच्या ज्ञानावर उत्तर देतं. प्रश्नात "सगळे टॉवेल सारख्याच हवेत ठेवून तोलले" एवढं वाक्य घातलं की हे थांबतं. दुसऱ्या टोकाला, शहराबाहेरून आलेल्या मुलीला "लॉट" शब्द अडला तर तो बदला. तिची अडचण पी व्हॅल्यूची नव्हतीच.

पायरी पाचवी: वर्गात चालवा आणि पर्यायांची मोजणी करा

समजा 60 मुलांनी 20 प्रश्नांची चाचणी दिली. एकूण गुणांनुसार वरची 16 आणि खालची 16 मुलं वेगळी काढा; रीत 27 टक्क्यांची आहे. पी व्हॅल्यूच्या प्रश्नात वरच्या गटातल्या 10 आणि खालच्या गटातल्या 3 मुलांनी ब निवडला, तर फरक 7 भागिले 16, म्हणजे 0.44. सामान्यतः 0.30च्या वर चांगलं मानतात. एकूण गुण काढताना तपासायचा प्रश्न त्यातून वगळा, नाहीतर तो स्वतःलाच मदत करतो.

पण या विषयात हा आकडा फसवतो. हुशार गटातल्या 9 मुलांनी अ निवडला आणि खालच्या गटाने सगळीकडे थोडंथोडं, असं झालं तर फरक शून्यापाशी किंवा उणे येऊ शकतो. पुस्तकी नियम म्हणतो, प्रश्न वाईट, काढून टाका. इथे हॉलर आणि क्राउसचे आकडे आठवा. हा गैरसमज अभ्यास न केलेल्यांचाच नसतो, अभ्यास करून बसलेल्यांचाही असतो. खालच्या गटाचा निव्वळ अंदाज असतो. म्हणून काढण्याआधी हुशार गटातल्या दोघातिघांना बोलावून कारण विचारा. कारण गैरसमजाचं असेल तर प्रश्न ठेवा, तो नेमकं काम करतो आहे. कारण वाक्यरचनेचं असेल, "सर, जास्त म्हणजे कोणत्या बाजूचं ते कळलं नाही" असं, तर वाक्य सुधारा.

जो चुकीचा पर्याय 60 पैकी एकानेही निवडला नाही, तो बदला किंवा काढून टाका. तीन पर्यायांचा प्रश्नही चालतो. चौथा भरतीचा नको.

एका वर्गाच्या 60 मुलांवरून निघालेला आकडा स्वतःच बराच हलतो. त्यामुळे 0.28 आणि 0.33 यांत फरक बघू नका. दोन-तीन वर्षांच्या बॅच एकत्र झाल्यावरच प्रश्नाबद्दल पक्कं मत बनवा. त्यासाठी प्रत्येक प्रश्नाचं एक पान ठेवा: कोणता गैरसमज, कोणत्या पर्यायात, उत्तरामागचा हिशोब, मुलाखतीत काय कळलं, आणि प्रत्येक वर्षी कोणत्या पर्यायावर किती मुलं. शिकवण्याआधी आणि शिकवून झाल्यावर तोच प्रश्न द्यायचा असेल, तर आधीच्या वेळी उत्तर सांगू नका आणि कागद परत घ्या. नाहीतर दुसऱ्या वेळी "ब" हे अक्षर लक्षात राहिलेलं असतं, आणि व्याख्येसारखं तेही पाठांतरच होतं.